दुबईहून आईच्या खात्यावर पाठवलेले पैसे होल्डवर, घरच्यांनी काय द्यायचं?

प्रश्न: "भाऊ दुबईत कामाला आहे. आईच्या खात्यावर चार लाख पाठवलेत, तिकडून गेले म्हणतो पण इथं जमाच नाहीत. ब्रँचवाले म्हणतात केवायसी आणि पर्पज क्लियर करा. आम्ही सोलापुरात, नक्की काय कागद द्यायचे?"

आधी भावाकडून MT103 ची कॉपी मागवा, बाकीचं नंतर. बँकेतून पाठवले असतील तर बँकांनी एकमेकांना पाठवलेल्या स्विफ्ट मेसेजची ही प्रत मागितल्यावर मिळते. नोव्हेंबर २०२५ पासून हा मेसेज pacs.008 नावाच्या नव्या नमुन्यात जातो, त्यात रकान्यांना हे नंबर नसले तरी माहिती हीच असते. त्यात तीनच गोष्टी बघायच्या: 50 नंबरच्या रकान्यात भावाचं नाव, 59 मध्ये आईचं नाव आणि खातं नंबर, आणि 70 मध्ये पैसे कशाचे म्हणून त्यानं लिहिलंय ते. मनी एक्स्चेंजमधून पाठवले असतील तर बऱ्याचदा MT103 नसतो, तिथली पावती आणि तिच्यावरचा रेफरन्स नंबर घ्या.

हे आधी का, तर पैसे दोन ठिकाणी अडू शकतात. तिकडंच अडले असतील तर इथल्या ब्रँचला त्यातलं काही दिसत नाही, तिथं भावालाच पगाराची स्लिप, व्हिसा वगैरे द्यावं लागतं, तुम्ही फार तर आईच्या आधारची कॉपी त्याला पाठवायची. पण तुमच्याकडं ब्रँचच कागद मागतेय म्हणजे पैसे बहुतेक इथल्या बँकेत येऊन थांबलेत, म्हणजे काम आता तुमच्या हातात आहे. फक्त एक लक्षात घ्या, समोरचा क्लार्क पैसे सोडू शकत नाही, परदेशी पैशाचं काम करणारं बँकेचं डिपार्टमेंट वेगळं असतं आणि ते बहुतेक मोठ्या शहरात. म्हणून तोंडी "केवायसी द्या" ऐकून परत येऊ नका, त्या डिपार्टमेंटकडून आलेला मेल दाखवायला सांगा, नेमकं काय मागितलंय ते त्यातच असतं.

मी टॅक्सच्या ऑफिसात हीच कागदपत्रं करतो, गल्फमध्ये पोरं असलेली घरं आमच्याकडं बरीच येतात. अशोक चौकाकडच्या एका मावशींचं सांगतो. आयुष्यभर विड्या वळल्या, मुलगा कुवेतला, मुलीच्या लग्नाला त्यानं ५ लाख ८० हजार पाठवले आणि होल्ड. तीन गोष्टी एकदम निघाल्या. पहिली, खातं उघडताना वार्षिक उत्पन्न लाखाच्या आत लिहिलेलं आणि खात्यात येणं जाणं किरकोळ, त्यात एकदम एवढी रक्कम आली की सिस्टीम अलर्ट टाकते. दुसरी, नाव. घरी तेलुगू असल्यामुळं मुलाच्या बँकेत आईचं आडनाव आधी लिहिलेलं, इथल्या पासबुकावर शेवटी, आणि Laxmibai च्या जागी Lakshmi. तिसरी, मुलानं 70 मध्ये काय लिहावं, तर "advance". अहो कसला ॲडव्हान्स? तो शब्द धंद्याच्या व्यवहारासारखा वाचला जातो, मग डिपार्टमेंटवाले बिल मागतात, आणि लग्नाचं बिल आधीच कुठून आणणार.

सुटलं ते एका पानाच्या पत्रानं आणि चार झेरॉक्सांनी. पत्र मावशींच्या सहीचं, मराठीतच, असं काहीसं:

"सदर रक्कम माझा मुलगा याने कुवेत येथील नोकरीच्या पगारातील बचतीतून माझ्या मुलीच्या लग्नखर्चासाठी व घरखर्चासाठी पाठवली आहे. ही कोणत्याही व्यवसायाची, कर्जाची अथवा मालाची रक्कम नाही. पर्पज कोड P1301."

P1301 म्हणजे परदेशातल्या भारतीयानं कुटुंबाच्या खर्चासाठी आणि बचतीसाठी पाठवलेले पैसे. निव्वळ भेट असेल तर P1302. बँकेचा स्वतःचा फॉर्म असला तर तो भरा, पण पत्र सोबत जोडाच, कारण फॉर्ममध्ये हकीकत लिहायला जागा नसते. आणि जे खरं आहे तेच लिहा हां. भाऊ स्वतःसाठी प्लॉट घेणार असेल आणि आईच्या नावानं घरखर्च म्हणून दाखवलात तर पुढं रजिस्ट्रीच्या वेळी अडचण होईल, त्यासाठी त्याचं स्वतःचं एनआरई खातं वापरावं.

झेरॉक्स कसल्या, तर आईचं आधार, पॅन, मुलाच्या पासपोर्टची फोटोची बाजू आणि शेवटचं पान, आणि पगाराची स्लिप. शेवटच्या पानावर आईवडलांची नावं छापलेली असतील तर नात्याचा पुरावा तिथंच मिळतो, नसतील तर रेशनकार्ड किंवा मुलाचा जन्मदाखला. नावातल्या फरकासाठी "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र लागलं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा गॅझेट घ्यावं, ते प्रतिज्ञापत्रापेक्षा पक्कं.

जन्मतारीखही जुळवून बघा. आपल्याकडं शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली माणसं घरोघरी आहेत, आधारवर एक आणि पॅनवर दुसरी. एरवी कुणी विचारत नाही, पण ज्यांच्याशी व्यवहार करायला बँकांना बंदी असते अशांच्या निर्बंध यादीतल्या कुणाशी नाव सारखं निघालं की तो माणूस हा नव्हे हे जन्मतारीख आणि पत्ता बघूनच ठरवतात. सय्यद, शेख, खान अशी आडनावं असली की हे जास्त घडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, जुळणारी तारीख असलेले कागद दिले की सुटतं.

आणि एक जे ब्रँचमध्येही कुणी नीट सांगत नाही: आईचं खातं "स्मॉल अकाउंट" तर नाही ना? पूर्ण कागद न देता नुसता फोटो आणि सही/अंगठा देऊन उघडलेलं खातं. अशा खात्यात पूर्ण केवायसी होईपर्यंत परदेशातून आलेले पैसे जमाच करता येत नाहीत, आरबीआयचा नियम आहे, तिथं पर्पजचं कितीही चांगलं पत्र दिलंत तरी उपयोग नाही. आधार पॅन घेऊन आईला स्वतः ब्रँचला न्या, केवायसी पूर्ण करून घ्या, उत्पन्नाचा रकानाही तेव्हाच अपडेट करा आणि "मुलगा परदेशातून पैसे पाठवतो" हे त्यात लिहायला लावा म्हणजे पुढच्या खेपेला अलर्टची शक्यता कमी.

भावाला सांगा, हे अडलंय म्हणून घाईनं दुसऱ्या खात्यावर चाळीस चाळीस हजार करून पाठवू नकोस. तुकडे करून पाठवणं हाच बँकेसाठी संशयाचा मोठा मुद्दा असतो, मग अडलेलं एक आणि नव्यानं अडलेली चार होतात.

तुम्हाला फोन येईल "पैसे क्लियर करायला अमुक फी भरा, ओटीपी सांगा" म्हणून, तो फ्रॉड समजा. केवायसी बघायला बँक फोनवर फी मागत नाही आणि आरबीआय तर घरी फोन करतच नाही.

पत्र दिल्यावर पोच घ्या, तारखेचा शिक्का मारून. कारण कागद वेळेत गेले नाहीत तर बँक पैसे परत पाठवू शकते, मग मधल्या बँकांचे चार्जेस कापून भावाकडं कमी रक्कम पोचते आणि पुन्हा पाठवायचा रेट वेगळा. पोच असली की लेखी तक्रार करता येते, आणि तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर तक्रार टाकायची, तिथं पोचेची कॉपी जोडावी लागेल.

टॅक्सचं विचारणारच तुम्ही, म्हणून सांगतो, मुलानं आईला दिलेल्या पैशावर आईला इन्कम टॅक्स लागत नाही. त्यातून एफडी केली तर व्याजावर लागू शकतो, ते वेगळं.