निबंधातले संदर्भ कुठेच सापडेनात, तेव्हा

प्रश्न : ताई, मी नववीला मराठी शिकवते. एका मुलाचा निबंध फार सफाईदार आहे, खाली संदर्भही दिलेत. पण त्यातलं एकही पुस्तक मला सापडत नाही. त्याला खोटारडा म्हणायचं का? की गप्प बसून गुण द्यायचे?

गेल्या वर्षी ठाण्यातल्याच एका शाळेतल्या बाई हेच घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मुलीला आपण सई म्हणू, हे तिचं खरं नाव नाही. निबंध होता ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांवर, आणि गंमत म्हणजे त्यातली माहिती बरोबर होती. खाडीचा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेला, हे सगळं ठीक. खोट होती ती शेवटच्या पाच ओळींत.

बाईंनी चिकाटीने एकेक ओळ तपासली. तीन पुस्तकं ना ग्रंथालयाच्या यादीत, ना प्रकाशकाकडे. चौथा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमधला, 'खंड 87, 2015'. जर्नल खरं, पण त्याचा शंभरावा खंड 2003 सालीच निघाला आहे. मग 2015 मध्ये सत्त्याऐंशीवा कुठून येणार? पाचवी अभयारण्याची सरकारी अधिसूचना. ती खरोखर आहे, पण निबंधात तिच्या नावावर घातलेली पक्ष्यांची संख्या तिच्यात नाही. हा शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. कागद सापडला की आपण निश्चिंत होतो, आत वाचतच नाही.

त्या तावातावाने आल्या होत्या. निबंध यंत्राने लिहिला की माणसाने हे सांगणाऱ्या एका वेबसाइटवर त्यांनी तो घालून पाहिला होता आणि आलेला टक्का मला दाखवत होत्या. तो टक्का बाजूला ठेवा, असं मी म्हटलं. नेटकं लिहिणाऱ्या मुलांवरही असली साधनं खुशाल शिक्का मारतात, आणि त्यावर मुलाला काही उत्तर देता येत नाही. खंडाच्या आकड्यावर देता येतं. वर्गात विषय काढू नका, 'कोणी लिहून दिलं?' असं विचारू नका, निबंध समोर ठेवून एवढंच म्हणा, "हा चौथा लेख तू कुठे वाचलास? मला उघडून दाखव."

मधल्या सुट्टीनंतर ग्रंथालयात दोघीच बसल्या. सई आधी म्हणाली, "गूगलवर मिळाला, बाई." बाईंनी शोधायला संगणक दिला. बराच वेळ शोधून ती रडवेली झाली. "एआयला पाच संदर्भ मागितले, त्याने दिले. ते नसतीलच असं वाटलं नाही."

मला हे खरं वाटतं. ही ॲप एकमेकांशेजारी सहसा येणारे शब्द जुळवत जातात. पक्ष्यांच्या लेखाखाली जर्नलचं नाव, आडनाव, खंड, साल येतं. तसंच ते रचून देतात. ग्रंथालयाच्या कपाटात पाहून कोणी दिलेलं नसतं. काही ॲप आता इंटरनेटवर शोधूनही देतात, तरी अधिसूचनेसारखी गफलत राहतेच. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कुठून कळावं? (मोठमोठ्या वकिलांनी असे नसलेले निवाडे कोर्टात सादर केले आहेत.)

मग सईने कच्ची वही काढली. वडिलांबरोबर ती ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत गेली होती. वहीत लिहिलं होतं : 'पाणी चढत गेलं तशी चिखलाची पट्टी लहान झाली. सगळे दाटीने उभे. मान उलटी करून चोच चिखलात.' ही पानं तिने ॲपला 'छान करून दे' म्हणून दिली. छान होताना बोट गेली, चिखल गेला, राहिलं ते कोणत्याही खाडीला चालेल असं गुळगुळीत गद्य. 'किमान पाच संदर्भ हवेत' ही अट फळ्यावर होती. संदर्भ शोधायचा कसा, हे मात्र वर्गात कधी झालं नव्हतं.

बाईंनी गुण राखून ठेवले आणि आठवडा दिला. नव्या निबंधात संदर्भ दोनच : तिची नोंद, तारीख आणि भरतीच्या वेळेसह, आणि ती अधिसूचना, फक्त अभयारण्य कधी झालं एवढ्यापुरती. पक्ष्यांची संख्या तिने गाळली. पहिल्या निबंधाचे गुण बाईंनी दिले नाहीत, आणि ते योग्यच झालं. मुलीचा हेतू वाईट नव्हता म्हणून नसलेलं पुस्तक असलेलं होत नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत वही निघेलच असं नाही. तो 'मी वाचलंय' यावर अडून बसला, तर वाद घालू नका. निबंधातला एक परिच्छेद त्याला तोंडी समजावून सांगायला लावा. तेही जमलं नाही, तर त्याला आधी सांगून मग पालकांना बोलवा, आणि त्यांच्यासमोर न सापडलेल्या पुस्तकांची यादी ठेवा, तुमचा संशय नको.