लिपबामच्या डबीवर 'व्हीगन' छापायच्या आधी हे बघ

अगं, लेबल प्रिंटला टाकायची घाई नको करू, आधी रेसिपीतली एकेक वस्तू कुठून येते ते बघ. मधमाशांचं मेण तू काढून टाकलंस आणि त्याऐवजी कँडेलिला हे झाडाचं मेण घातलंस, छान, पण तो लाल रंग? पाकिटावर CI 75470 लिहिलंय ना, तो कार्माइन, कोचिनिअल नावाच्या किड्यांपासून काढतात. म्हणजे गंमत बघ, सप्लायर 'नॅचरल कलर' म्हणतो ते खोटं नाही, पण व्हीगन अजिबात नाही. दोन शब्द वेगळे आहेत, सगळे इथेच फसतात, मीपण फसले होते आणि तीनशे स्टिकर कचऱ्यात गेले.

स्टिअरिक ॲसिड आणि ग्लिसरीनचं तर नावावरून कळतच नाही, पामतेलाचंही असतं नि जनावराच्या चरबीचंही, केमिस्ट्री तीच त्यामुळे घरी टेस्ट करून काही उपयोग नाही. सप्लायरकडून त्या ग्रेडचा सोर्स लेखी घे, व्हॉट्सॲपवरचं 'हो मॅडम व्हेज आहे' चालत नाही, आणि सप्लायर बदललास की परत माग.

क्रुएल्टी-फ्रीचं म्हणशील तर भारतात कॉस्मेटिकची प्राण्यांवर टेस्टिंग 2014 पासून बंदच आहे, त्यामुळे नुसतं 'आम्ही टेस्ट करत नाही' यात विशेष काय, कच्च्या मालाचं काय ते विचार. क्रुएल्टी-फ्रीचा सशाचा लोगो गूगलवरून उचलू नकोस, तो संस्थेकडून परवाना घेऊनच लावायचा असतो. 2024 च्या सरकारी ग्रीनवॉशिंग गाइडलाइन्समध्ये क्रुएल्टी-फ्री, नॅचरल असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरायला मनाई आहे, इन्स्टाची जाहिरातपण त्यात आली.