नदीकाठच्या शेताला 120 मीटर जाळी: लांबी-रुंदी किती धरावी, मधले कुंपण कसे घालावे

प्रश्न (सत्तरी): साहेब, आमची जमीन म्हादईच्या काठाला सरळ लागून आहे. चेनलिंक जाळीचे 15 मीटरचे 8 रोल घेतले आहेत, आणखी घेणे यंदा जमणार नाही. नदीच्या बाजूला कुंपण घालायचे नाही. चौरस करू की लांबट? आणि मधे आणखी एक जाळी मारून एका भागात भाजी आणि दुसऱ्यात गाय-वासरे ठेवायची म्हटली तर ती याच जाळीत बसेल का?

उत्तर: मधले कुंपण नको असेल तर नदीपासून आत 30 मीटर, मागची बाजू नदीला समांतर 60 मीटर आणि पुन्हा नदीपर्यंत 30 मीटर अशी जाळी लावा. आत 1800 चौरस मीटर जागा मिळेल. हिशेब रोलमध्येही नेमका बसतो: दोन्ही बाजूंना दोन-दोन रोल, मागे चार, कुठे कापायला नको. मधले कुंपण याच जाळीत हवे असेल तर ते नदीकडून आत जाणारे घाला. तेव्हा आत जाणाऱ्या तिन्ही जाळ्या 20-20 मीटरच्या होतील, मागची बाजू 60 मीटरचीच राहील आणि दोन्ही भाग मिळून 1200 चौरस मीटर होतील.

बहुतेकांच्या मनात चौरस येतो, आणि चारही बाजूंनी कुंपण घालायचे असेल तर चौरसच बरोबर. पण इथे चौथी बाजू नदी सांभाळते. 40 बाय 40 केले तर 1600 चौरस मीटर भरतात, म्हणजे 200 कमी. उलट टोकाला जाऊन आत फक्त 20 मीटर आणि नदीला समांतर 80 घेतले तरी 1600 च होतात. मधे 25 आणि 70 घेतले तर 1750, 35 आणि 50 घेतले तरी 1750. वर चढून उतरणाऱ्या या आकड्यांचा माथा 30 आणि 60 वर आहे.

तो तिथेच का, हे समजून घेतले तर जाळी 90 मीटर असो वा 200, तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही. आतली खोली 30 च्या ऐवजी 32 केली, तर दोन्ही बाजूंना मिळून 4 मीटर जाळी जास्त लागते आणि मागची बाजू 56 वर येते. 32 × 56 म्हणजे 1792, आठ चौरस मीटर कमी. खोली 28 केली तर मागची बाजू 64 होते, आणि गुणाकार पुन्हा 1792 च येतो. 30 पासून जितके मीटर हलाल, त्या आकड्याचा वर्ग करून दुप्पट करा, तेवढे क्षेत्र घटते. म्हणून एखादे झाड किंवा चिऱ्याचा बांध आड येत असेल तर मीटर-दोन मीटरसाठी तो तोडू नका, नुकसान नगण्य आहे. पण 10 मीटर हललात तर 200 चौरस मीटर जातात.

लक्षात ठेवायचे ते इतकेच: अर्धी जाळी नदीला समांतर आणि उरलेली अर्धी नदीकडून आत जाणाऱ्या बाजूंना, सारखी वाटून. 120 चे अर्धे 60 मागे, बाकीचे 60 दोघींत 30-30. मधली जाळी आली की तेच 60 तिघींत 20-20-20. मागची बाजू दोन्ही वेळेला 60 च राहते, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटते. नेहमी होते ते असे की आधी खोली 30 ठरवतात आणि मधल्या कुंपणासाठी लागणारी जाळी मागच्या बाजूतून काढतात. मग तीन वेळा 30 म्हणजे 90 मीटर संपतात, मागे 30 च उरतात आणि क्षेत्र 900 वर येते. तीच जाळी, पण 300 चौरस मीटर हातचे गेले. मधली जाळी हवी असेल तर ती पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

हे मधले कुंपण नेमके मध्यावरच पाहिजे असे नाही. भाजीला 20 मीटर आणि गुरांना 40 मीटर दिले तरी एकूण जाळी तेवढीच लागते आणि एकूण क्षेत्रही तेवढेच राहते. तुमच्या गुरांच्या संख्येवर ते ठरवा.

आता दिशेचा प्रश्न. मधली जाळी नदीला समांतर घातली तर लांबीच्या दिशेने दोन जाळ्या होतात आणि खोलीच्या दिशेने दोन. अर्ध्याच्या हिशेबाने प्रत्येक 30 मीटरची, आणि क्षेत्र 30 × 30 म्हणजे 900 चौरस मीटर. नदीकडून आत जाणाऱ्या कुंपणात 1200 मिळतात, शिवाय दोन्ही भागांना नदी लागते. गुरांना पाणी प्यायला वाट राहते आणि भाजीच्या पंपाचा पाइप दुसऱ्याच्या भागातून न्यावा लागत नाही. कागदावर तरी आत जाणारे कुंपणच सरस.

पण मी तुम्हाला आधी एक गोष्ट पाहायला सांगेन: एप्रिल-मे महिन्यांत तुमच्या जमिनीसमोर नदीत पाणी किती असते? वरचा सगळा हिशेब नदीला कुंपण मानून केला आहे, आणि नदी कुंपण ठरते ती पाणी खोल असेपर्यंतच. पात्र घोटाभर झाले, मधे खडक उघडे पडले, की पलीकडची गुरे चालत येतात आणि रानडुक्कर रात्री येतात. डुक्कर तसाही पोहतो, त्याला खोल पाणीही पुरते अडवत नाही. सकाळी काठावरच्या ओल्या मातीत दुभंगलेल्या खुरांचे ठसे तुमच्या वाफ्यांकडे वळलेले दिसले आणि रताळ्याचा किंवा कणगीचा वाफा नांगरल्यासारखा उकरलेला असला, तर जनावर नदीकडून आले हे समजा. मागची जाळी कितीही ताणून बसवलेली असली तरी तिचा मग उपयोग नाही.

अशा ठिकाणी मी स्वतः समांतर कुंपणच सुचवीन, क्षेत्र 900 असले तरी. त्यात मागचा भाग चारही बाजूंनी बंद होतो, तिथे भाजी घ्यावी. पुढची नदीकाठची पट्टी गुरांना द्यावी, दिवसा कोणाच्या तरी नजरेखाली. ही मधली जाळी नदीपासून 10 मीटरवर घातली काय आणि 15 वर घातली काय, जाळी सारखीच लागते. अगदी काठावर आणली तर संपूर्ण 900 चौरस मीटर चारही बाजूंनी बंद होतात. भाजीचा भाग त्यामुळे हवा तेवढा वाढवता येतो. याउलट, आत जाणारे कुंपण ठेवून फक्त भाजीच्या तोंडाला, म्हणजे अर्ध्या लांबीला, नदीकडून जाळी लावू म्हटले तर खोली 20 आणि लांबी 40 होऊन एकूण 800 च भरतात. भाजीला अर्धी लांबी द्यायची आणि नदीकडून संरक्षणही हवे हे एकदा ठरले की समांतर कुंपणच जास्त देते.

पाणी मेअखेरपर्यंत खोल टिकत असेल आणि डुकरांचा उपद्रव नसेल, तर आत जाणारे कुंपण घाला, फक्त टोकांचा विचार करा. जाळी काठाच्या वरच्या कडेवर थांबवली तर गाय काठाची उतरण उतरते, टोकाला वळसा घालते आणि पलीकडच्या वाफ्यात चढते. म्हणून प्रत्येक आत जाणारी जाळी उतरणीवरून उन्हाळ्यातल्या पाण्यात पोचेपर्यंत न्यायला हवी. समजा त्याला दर टोकाला 2 मीटर लागतात. मधले कुंपण नसेल तर दोन टोकांचे 4 मीटर वजा करून 116 मीटरचा हिशेब करा: मागे 58, आत 29-29, क्षेत्र 1682. मधले कुंपण असेल तर टोके तीन, वजा 6, उरले 114: मागे 57, आत 19-19-19, क्षेत्र 1083. ही उतरण रोल उलगडण्याआधी टेपने मोजा, नाहीतर शेवटच्या टोकाला जाळी अपुरी पडेल.

टोकाचा हा शेवटचा तुकडा वेगळा ठेवा, नट-बोल्टने जोडलेला, आणि मृगाच्या आधी काढून वर आणा. पावसाळ्यात पूर आला की वाहत येणारा पालापाचोळा आणि ओंडके जाळीत अडकतात, जाळी पाणी अडवू लागते आणि खांब मुळासकट उपटतात. काठाच्या उतरणीवर सिमेंटचे काँक्रीट भरून खांब पुरू नका, तिथे काढता येणारे लोखंडी किंवा लाकडी खांब बरे. तुमच्यापेक्षा खाली, भरतीचे पाणी पोचते अशा काठावर ज्यांची जमीन आहे, त्यांनी तिथे कसलेही पक्के बांधकाम करण्याआधी सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांची, चौकशी करावी. आणि नदीची हद्द कुठे आहे ते सर्व्हे नकाशावर पाहूनच पहिला खांब रोवा.

आखणी करताना काटकोन डोळ्यांनी ठरवू नका. कोपऱ्यातल्या खुंटीपासून नदीच्या दोरीवर 3 मीटर आणि आतल्या दोरीवर 4 मीटर मोजा, त्या दोन खुणांमधले अंतर 5 मीटर भरले की काटकोन झाला. 30 बाय 60 च्या शेताचे दोन्ही कर्ण 67 मीटर आणि थोडे वर भरायला हवेत. एक जास्त आणि एक कमी आला तर शेत तिरके झाले आहे, आणि तेवढ्याच जाळीत जागा कमी मिळेल. फाटक मागच्या बाजूत घ्या. 3 मीटरचे फाटक असेल तर तेवढी जाळी वाचते, ती मागच्या बाजूलाच वाढवून 63 मीटर करा.

जमीनच मोजकी असेल तर हिशेब जमिनीचा धरावा लागतो. मागे डोंगर किंवा रस्ता आल्यामुळे खोली 22 मीटरच मिळत असेल तर ती पूर्ण घ्या आणि उरलेली 76 मीटर जाळी मागे लावा, क्षेत्र 1672 होईल.

राहिला पुढच्या वर्षी आणखी 2 रोल घेण्याचा विचार. 150 मीटरमध्ये मधल्या कुंपणासकट सर्वांत जास्त क्षेत्र आत 25 आणि मागे 75 घेतल्यास मिळते: 1875 चौरस मीटर. पण यंदा 30 बाय 60 चे खांब रोवून झाले असतील, तर पुढच्या वर्षी त्यातच मधे 30 मीटरची जाळी मारा आणि 1800 वर थांबा. 75 चौरस मीटरसाठी मागची संपूर्ण रांग उपटून पुन्हा रोवण्याची मजुरी परवडणार नाही. यंदा खांब रोवलेलेच नसतील आणि 2 रोल नक्की घ्यायचे असतील, तर आता आत 25 आणि मागे 70 अशी आखणी करा, यंदा 1750 मिळतील. पुढच्या वर्षीच्या 30 मीटरपैकी 25 मधल्या कुंपणाला आणि 5 मागची बाजू 75 करायला लागतील. त्यासाठी एका कडेची 25 मीटरची जाळी 5 मीटर सरकवावी लागेल, म्हणून त्या कडेच्या खांबांना यंदा काँक्रीट भरू नका.