अनंत शिडीतली एक पायरी काढली तरी रोध तोच कसा?

प्रश्न: सारख्या रेझिस्टरच्या अनंत शिडीत सर पहिली पायरी काढतात आणि म्हणतात, उरलेल्या शिडीचा रोधही X च. एक पायरी कमी झाली तर रोध बदलायला नको का? आणि वर्गसमीकरणाची दोन उत्तरं येतात, त्यातलं एकच का घ्यायचं?

उत्तर:

शिडी मर्यादित असेल तर तुमची शंका अगदी बरोबर आहे, रोध बदलतोच. म्हणून मी आधी मर्यादित शिडीच घेतो, मग ‘तोच X’ म्हणायचा हक्क कुठून मिळतो ते आपोआप दिसेल.

प्रत्येक पायरीत वरच्या तारेवर एक आडवा रेझिस्टर आणि त्यानंतर वरून खालच्या तारेपर्यंत एक उभा, दोन्ही १ ओहमचे. खालची तार नुसती तार. एकाच पायरीचा रोध १ + १ = २ ओहम. आता जिथून रोध मोजतो त्या सुरुवातीच्या बाजूला नवी पायरी जोडा. जुनी शिडी नव्या उभ्या रेझिस्टरला समांतर येते आणि त्या जोडीला नवा आडवा रेझिस्टर एकसर. म्हणजे नियम असा:

नवा रोध = १ + जुना / (१ + जुना)

दोन पायऱ्यांना ५/३, तीनला १३/८, चारला ३४/२१. दशांशात २, १.६६७, १.६२५, १.६१९. रोध दर वेळी बदलतोय, पण बदल झपाट्याने लहान होतोय.

आता शिडीचं दूरचं टोक मोकळं न ठेवता तारेने जोडून टाका, म्हणजे शॉर्ट करा. सुरुवात शून्यापासून होते आणि त्याच नियमाने १, ३/२, ८/५, २१/१३ येतात, म्हणजे १, १.५, १.६, १.६१५. पहिली रांग वरून उतरते, दुसरी खालून चढते आणि दोन्ही एकाच संख्येला भिडतात. टोकाला मोकळं आणि शॉर्ट यांच्या मधला कुठलाही रोध लावला तरी उत्तर या दोन रांगांच्या मध्येच अडकतं, कारण जुना रोध वाढला की नवाही वाढतो. अनंत शिडीचा रोध म्हणजे हीच सीमा. तो एका निश्चित संख्येला पोहोचतो हे कळलं की मगच जुना आणि नवा दोघांनाही X म्हणता येतं. १ ओहमऐवजी प्रत्येक रेझिस्टर R धरला तर:

X = R + RX/(R + X)

यातून X² − RX − R² = 0, म्हणून X = R(1 + √5)/2, म्हणजे सुमारे 1.618R.

दुसरं उत्तर −0.618R. ‘रोध ऋण नसतो’ एवढं म्हणून ते सोडतात, आणि ते खरंच आहे. पण वरच्या रांगा पाहिल्यात तर कारण अधिक स्पष्ट होतं: पहिल्या पायरीपासून सगळ्या किमती १ आणि २ यांच्या मध्ये आहेत, तर त्यांची सीमा शून्याच्या खाली जाणार कशी?

मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो विद्युतधारेचा. अनंत शिडीत आलेली धारा I पहिल्या उभ्या रेझिस्टरपाशी दुभंगते. त्यातली R/(R + X) पट, म्हणजे 0.382I, पुढे जाते. पुढच्या पायरीवर पुन्हा तेच, म्हणून पाच पायऱ्यांनंतर एक टक्क्याहूनही कमी धारा उरते. दूरच्या टोकाला काय जोडलंय याची खबर सुरुवातीच्या बाजूला लागायची तर परिणाम प्रत्येक पायरीतून जाऊन परत यायला हवा, म्हणून तो दर पायरीला ०.३८२ च्या वर्गाने, सुमारे ०.१४६ पटीने घटतो. वरच्या रांगेत ताडून पाहा: १.६१८ पासूनचं अंतर तीन पायऱ्यांना ०.००७०, चारला ०.००१०. एक पायरी काढल्याने पडणारा फरक म्हणजे या दोन अंतरांतली वजाबाकी, आणि पायऱ्या वाढतील तसा तो शून्याकडे जातो. पाच टक्के टॉलरन्सच्या रेझिस्टरनी चार पायऱ्या बांधल्यात तर ती शिडी अनंत नाही हे मल्टिमीटरवर ओळखता येणार नाही.

गणितात चूक होते ती बहुधा कापण्याच्या जागेत. उरलेला भाग मूळ शिडीसारखाच हवा. शिडी उभ्या रेझिस्टरने सुरू होत असेल तर आडवा आणि उभा मिळून एक पायरी कापायची नाही, उभा आणि आडवा अशी कापायची, आणि उत्तर 0.618R येतं. खालच्या तारेवरही प्रत्येक पायरीत R असेल तर एकसर भाग 2R होतो आणि X = R(1 + √3), म्हणजे 2.732R. उत्तर तपासायचं असेल तर हातानेच तीन पायऱ्या काढा. त्या उत्तराच्या अगदी जवळ पोहोचत नसतील तर कापणी चुकली आहे.

रेझिस्टरऐवजी शुद्ध कॉइल आणि कपॅसिटर असतील तर मात्र ही युक्ती डोळे झाकून वापरू नका. तिथे ऊर्जा वाटेत खर्च होत नाही, आणि ठरावीक वारंवारतांना परिणाम विरत नाही. मग मर्यादित शिड्यांची रांग कुठल्याच संख्येला पोहोचत नाही. प्रत्येक पायरीत थोडा रोध धरला की ती पोहोचते.