फसवणुकीच्या आरोपाला जाहीर उत्तर

आमच्या दुरुस्तीच्या कामाबद्दल ग्राहकाने ऑनलाइन सगळ्यांसमोर लिहिलंय, ‘नवीन सांगून जुनाच पार्ट बसवला, चोर आहेत.’ काय उत्तर देऊ?

आधी जॉबकार्ड काढून बघा, मग एवढंच लिहा:

‘नमस्कार. जुना पार्ट बसवल्याची तुमची शंका वाचली. मी स्वतः तपासतोय. नव्या पार्टचं खरेदी बिल तुम्हाला दाखवतो. बिलावरच्या नंबरवर फोन करा, थेट माझ्याशीच बोलणं होईल. – मालक’

‘चोर’ या शब्दाला उत्तर देऊच नका. तपासाआधी ‘चूक झाली’ लिहिलंत तर ती कबुली ठरते. ‘तुम्ही खोटं बोलताय’ लिहिलंत तर भांडण पेटतं. त्यांचा नंबर किंवा बिलाची रक्कम उघड करू नका. आणि फोनवर ‘आधी ती पोस्ट काढून टाका, मग पैसे परत’ अशी अट नको. तिचाही स्क्रीनशॉट किंवा रेकॉर्डिंग फिरतं.