ट्रायलनंतर शेठ गप्प का?

“मॅडम, शनिवारी रबाळेला एका वर्कशॉपमध्ये लेथवर पगारी ट्रायल दिली. शेठ म्हणाले, बघून सांगतो. आज पाचवा दिवस, काहीच नाही. आपण फोन केला तर लाचार वाटतं, नाही केला तर काम जाईल. शिवाय ठरलेल्या पैशातले 400 रुपये अजून यायचेत. काय करू?”

टर्नर, फिटर, वेल्डर, अगदी वीस वर्षं मशीनवर काढलेली माणसंसुद्धा माझ्यासमोर बसून हेच विचारतात, म्हणून या टर्नरचं प्रकरण जरा सविस्तर लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लेथवरचे मात्र त्याने सांगितले तसेच ठेवले आहेत.

मी अशा वेळी धीर देत बसत नाही. माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. माणूस घटनेने जेवढा अडत नाही तेवढा तिला लावलेल्या अर्थाने अडतो, हे मला रोज दिसतं. शेठ गप्प आहेत, ही घटना. “मी नापास झालो” हा अर्थ. म्हणून आधी त्याला विचारलं, ट्रायलमध्ये नेमकं काय झालं?

“चांगलं झालं.”

“चांगलं म्हणजे किती मायक्रॉन?”

यावर तो पहिल्यांदा हसला आणि मग बोलायला लागला. काम होतं तीन शाफ्टचं. त्यावर 6205 बेअरिंग बसणार, म्हणजे सीट 25 मिमीची. ड्रॉइंगवर k6 लिहिलेलं, म्हणजे माप 25.002 ते 25.015 च्या आत हवं. दुसरा आणि तिसरा शाफ्ट बरोबर आला. पहिल्यावर कूलंट चालू नव्हतं आणि घाईत शेवटचा कट मारून जॉब हाताला चटका बसेल इतका गरम असतानाच मायक्रोमीटर लावला. 25.010 दिसलं, तो खूश झाला. चहानंतर शेठनी तोच शाफ्ट मोजला तर 25.001.

“ते काही बोलले?”

“नाही. बाजूला ठेवला. म्हणूनच तर मेसेजमध्ये त्याचा विषय नको, असं वाटतं.”

“मापलं कोणी?”

“शेठनी.”

“मग लपवताय कोणापासून?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग टेबलावरचा कागद ओढून आकडेमोड करायला लागला. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. जॉब खोलीपेक्षा 30 अंश गरम धरला तर 25 मिमीला जवळजवळ 9 मायक्रॉन. 25.010 मधून 9 गेले, राहिले 25.001. त्याने उत्तराखाली रेघ मारली आणि म्हणाला, “म्हणजे मशीन बरोबर होतं, हातही बरोबर होता. मोजायची वेळ चुकली.”

या क्षणासाठीच मी हा व्यवसाय करते, असं म्हटलं तरी चालेल. पाच दिवस “मी कच्चा आहे” म्हणून छातीवर घेऊन फिरलेली गोष्ट कागदावर आली आणि एका मायक्रॉनची निघाली. जिचं कारण सांगता येतं ती चूक कारागिराच्या बाजूने बोलते. कारण न सांगता आलेली चूक शेठला पुढच्या शंभर शाफ्टची धास्ती लावते.

मग मेसेज त्यानेच लिहिला, मी फक्त काटछाट केली:

“नमस्कार शेठ. शनिवारी लेथवर ट्रायल दिलेला टर्नर. दोन शाफ्ट ड्रॉइंगमध्ये आहेत. पहिल्याची सीट मी गरम असताना मोजली, थंड झाल्यावर 25.001 झाली. पुढचे दोन जॉब थंड करून मग फिनिश कट घेतला. सध्याच्या ठिकाणी मला 15 दिवसांची नोटीस द्यावी लागेल. काम सुरू व्हायला वेळ असेल तर अंदाजे तारीख सांगा. नाहीतर मी परवा दुपारी दीडला फोन करतो.”

यात “काम मिळेल का?” हा प्रश्न नाही, हे लक्षात घ्या. त्या प्रश्नाला शेठकडे “बघू” याशिवाय उत्तर नसतं. छोट्या वर्कशॉपमध्ये माणूस पसंत असूनही ऑर्डर पक्की व्हायची थांबलेली असते, म्हणून तारीख विचारावी. नोटिशीचा आकडा दिला की शेठलाही कळतं की आज हो म्हटलं तरी माणूस पंधरवड्याने येणार. एक मात्र सांभाळा: तिकडून रेट आणि रुजू व्हायची तारीख लेखी आल्याशिवाय इथली नोटीस देऊ नका.

मेसेज खरं तर ट्रायलच्या दुसऱ्याच दिवशी जायला हवा, मापं दोघांच्याही डोक्यात ताजी असताना. पाचव्या दिवशीही चालतो, फक्त उशिराबद्दल माफी मागत बसू नये. सकाळी जॉब वाटपाच्या वेळी फोन टाळावा आणि तीन मिनिटांची व्हॉइस नोट तर कधीच पाठवू नये, मशीनच्या आवाजात ती कोणी ऐकत नाही. ठरवलेला फोन केल्यावर आणखी एकदाच, शेठनी दिलेल्या तारखेनंतर दोन दिवसांनी विचारावं. त्यानंतर तो नकार समजून दुसरीकडे ट्रायल द्यावी. सुपरवायझरला आडून विचारायचा मोह होतो, पण ते शेठपर्यंत पोचतंच.

राहिले 400 रुपये. ते याच मेसेजमध्ये घालायचे होते त्याला, शेवटच्या ओळीत, दबकत. मी नको म्हटलं. नोकरी आणि बाकी एकत्र वाचली की दोन्ही एकत्रच पुढे ढकलली जातात. शिवाय ट्रायलची मजुरी निवडीवर अवलंबून नाही, काम केलंय तर ती येणंच आहे. दुसऱ्या दिवशी वेगळा मेसेज गेला: “शनिवारच्या ट्रायलचे ठरलेले 1,000, मिळाले 600. बाकी 400 याच नंबरवर यूपीआय करावेत.” त्यात ना “प्लीज”, ना घरची अडचण. पैसे संध्याकाळी आले. त्याला आश्चर्य वाटलं, मला नाही. मागणं आणि गयावया करणं यात तो इतकी वर्षं गल्लत करत होता.

दीडच्या फोनवर शेठनी नोकरीचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं: “जॉब थंड व्हायची वाट बघत बसलास तर माझं प्रॉडक्शन कोण काढणार?”

याची तयारी आम्ही केली होती. खरं म्हणजे त्यानेच केली, मी फक्त शेठच्या खुर्चीत बसून हा आडवा प्रश्न टाकला होता. त्याचं उत्तर असं: वाट बघायचीच नाही. तिन्ही शाफ्ट आधी रफ करून घ्यायचे, सीटवर व्यासाला 0.3 मिमी माल ठेवायचा. तिसरा रफ होईपर्यंत पहिला थंड झालेला असतो, मग त्याच क्रमाने फिनिश. शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरलेला असल्याने काढून परत लावला तरी रनआउट येत नाही. चकमध्ये धरायचा जॉब असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे कूलंट सोडून जागेवरच थंड करावा लागतो. हा शेवटचा भागही त्याने आपणहून सांगितला.

शेठ म्हणाले, सोमवारी ये, रेट महिन्याभराने बघू. त्याने तिथल्या तिथे मेसेज टाकला: “सोमवारपासून नाही, नोटीस संपली की येतो. पहिल्या महिन्याचा रेट आणि तो वाढवायची तारीख एवढं लिहून पाठवा, मग आजच नोटीस देतो.”