गिझर परत करा, पण फॉर्म वाचून

*‘आमच्या गिझरची ठरावीक बॅच परत मागवत असल्याचं कंपनीचं निवेदन नोव्हेंबरात पेपरात आलं होतं. थर्मल कटआउट सदोष आहे, वापर थांबवा, या नंबरवर फोन करा, मोफत बदलून देऊ, असं त्यात होतं. माझ्याकडून फोन करायचा राहून गेला. जानेवारीत नळातून उकळतं पाणी उसळून आईचा हात भाजला, वायरिंगही जळलं. आता सोमवारी कंपनीचा माणूस नवा गिझर बसवून जुना घेऊन जाणार आहे. त्याच्या फॉर्मवर सही करू का?’ – एक वाचक, कोथरूड*

आहे तशी करू नका. अशा फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात बहुधा एक ओळ असते: ‘माझे पूर्ण व अंतिम समाधान झाले असून यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही.’ तुमचं सगळं प्रकरण या एका ओळीवर अडणार आहे.

कंपनीच्या निवेदनात फक्त गिझरची सोय आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र उलट्या बाजूने बघतो. उत्पादन दायित्वासाठी, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीची भरपाई कंपनीकडून मागताना, ‘हानी’ म्हणजे काय, हे कलम २(२२) सांगतं. त्यात शरीराला झालेली इजा येते, इतर मालमत्तेचं नुकसान येतं, पण खुद्द त्या वस्तूचं नुकसान येत नाही. म्हणजे गिझर हा एक हिशेब आणि आईचा हात व वायरिंग हा दुसरा. नवा गिझर मिळाल्याने पहिला मिटतो. ती ओळ दुसराही मिटवून टाकते, तेही एक रुपया न देता.

म्हणून सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: ‘फक्त गिझर बदलून मिळाला. इजा व इतर नुकसानीचा दावा राखून ठेवला आहे.’ मग सही करा आणि लगेच फोटो काढा. तो माणूस अडून बसला, तर सही न करता त्याला परत पाठवा आणि निवेदनातल्या ईमेलवर हेच लिहून कळवा. नुसता फोन नको, फोनचा पुरावा राहत नाही. ज्यांनी आधीच सही करून टाकली आहे, त्यांचं सगळं संपलं असं नाही. विमा दाव्यांच्या एका प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, अशा पावतीवर नुसती सही केल्याने ग्राहकाचा हक्क जात नाही. पण ती सही फसवणुकीने वा दडपणाखाली घेतली, हे ग्राहकाला दाखवावं लागतं. ते सोपं नसतं.

दुसरी गोष्ट जुन्या गिझरची. थर्मोस्टॅट अडकला, तर पाणी तापतच राहतं. तेव्हा वीज तोडणं हे कटआउटचं काम आणि टाकीत चढलेला दाब सोडणं हे सेफ्टी व्हॉल्व्हचं. उद्या कंपनी म्हणेल की कटआउट ठीक होता, बोअरच्या पाण्याच्या क्षाराने व्हॉल्व्ह चोंदला, किंवा तुमच्या प्लंबरने तो बसवलाच नव्हता, किंवा अर्थिंग नव्हतं. गिझर त्यांच्या गोदामात गेल्यावर हे खोडायला तुमच्या हाती काय उरणार? तेव्हा जुना गिझर देऊच नका. नव्याचा हट्ट सोडावा लागला, तरी चालेल. याच कायद्याच्या कलम ३८ खाली ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्यासाठी ती शाबूत हवी. भिंतीवरून काढण्याआधी नळजोडणी, व्हॉल्व्ह आणि अर्थिंगचे फोटो काढा. प्लेटवरचा सीरियल नंबर व उत्पादनाचा महिना स्पष्ट दिसेल असाही एक घ्या. तो निवेदनातल्या बॅचमध्ये बसत असेल, तर दोषाबद्दलचं अर्धं काम कंपनीनेच करून ठेवलं आहे. मग ‘केवळ खबरदारी म्हणून स्वेच्छेने’ असं त्यांनी कितीही लिहिलेलं असो. ते पेपरचं पान तारखेसकट जपा.

आता तुमची चूक. ‘वापर थांबवा’ हे वाचूनही दोन महिने गिझर चालू ठेवलात, याला काय म्हणायचं? कंपनीचा वकील सगळ्यात आधी हेच विचारणार. त्याने दावा बुडेलच असं मला वाटत नाही, पण भरपाईला कात्री लागू शकते. निवेदन कधी वाचलं, हे मात्र लपवू नका. शपथपत्रात खोटं सापडलं, तर बाकीच्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

मुदत साधारणपणे अपघाताच्या दिवसापासून दोन वर्षं धरतात. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. तक्रार पुणे जिल्हा आयोगात चालेल, कारण तुम्ही इथे राहता. गिझरची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. चाचणी लागली, तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. कायदा बरंच काही म्हणतो, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. म्हणून आईचे केसपेपर, औषधांची बिलं आणि इलेक्ट्रिशियनचं सहीचं पत्र याच आठवड्यात एका फाईलला लावा.